मदत हवी आहे: एकाच बाजूला ओटीपोटात कळ, ओव्हुलेशन की दुसरं काही?

तगमग: कालपासून उजव्या बाजूला खाली, जांघेच्या जरा वर, टोचल्यासारखं दुखतंय. मागच्या महिन्यातही झालं होतं, एकदोन दिवसांत आपोआप गेलं म्हणून सोडून दिलं. नेटवर वाचलं की ओव्हुलेशनला असं दुखतं पण ते चौदाव्या दिवशी ना, माझा आज एकोणिसावा चालू आहे, मग हे काय? ऑफिसातून टाइप करतेय, लवकर सांगा प्लीज आणि नुसतं डॉक्टरला दाखवा असं लिहू नका.

सिन्नरकर: उजवी बाजू ना, अपेंडिक्स. आमचा पुतण्या गॅस गॅस म्हणत दोन दिवस बसला आणि ते फुटलं. थांबू नका.

काळी मिरी: मी पण पाळीत फार लोळायचे गं. ओवा भाजून गरम पाण्याबरोबर घे, आणि रात्री चमचाभर एरंडेल, पोट साफ झालं की निम्मं दुखणं जातं.

तगमग: अहो पाळी चालू नाहीये!!

मोगरा: एरंडेल अजिबात नको, उजवीकडे दुखतंय आणि कशाने ते कळलेलं नाही तोवर तर मुळीच नको. तगमग, पाळी साधारण किती दिवसांनी येते? ताप, उलटी, भूक जाणं असलं काही? गोळ्या घेतेस का, पाळी येऊ नये म्हणून किंवा मूल नको म्हणून?

तगमग: ३२-३३ दिवसांनी. ताप नाही, डबा सगळा खाल्ला. गोळ्या कसल्याच नाहीत.

मोगरा: मग दिवस बरोबर जुळतोय. चौदा दिवस पुढून नाही मोजायचे, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचे. तुझी ३३ व्या दिवशी येत असेल तर १४ वजा केले की एकोणिसावाच येतो. चौदावा दिवस २८ दिवसांवालीचा. बीज सुटायच्या आधी त्याची पिशवी ताणली जाते आणि फुटली की थोडं पाणी, कधी थेंबभर रक्त पोटात सांडतं, त्याने चुरचुरतं. काही तास ते फार तर दोन दिवस.

रातराणी: पण बीज एक महिना उजवीकडून एक महिना डावीकडून सुटतं. हिला दोन्ही महिने उजवीकडेच दुखलं म्हणजे ओव्हुलेशन नाही, सिस्ट असणार. माझ्या जावेला होती.

मोगरा: बीज दोन्हीकडून सुटतं हे खरं, पण पाळीपाळीनेच सुटेल असं काही नसतं. लागोपाठ दोनतीन महिने एकाच बाजूने सुटू शकतं. सिस्ट नाहीच असं मी पण म्हणत नाहीये, पण फक्त बाजूवरून ठरवता येत नाही.

सिन्नरकर: आणि अपेंडिक्सचं काय?

मोगरा: ते बहुतेक वेळा बेंबीजवळ सुरू होऊन मग उजवीकडे सरकतं, अन्नावरची वासना जाते, आणि तासातासाला वाढत जातं. ही डबा संपवून बसलीये. खोकताना किंवा जिना उतरताना तिथे कळ जाते का गं?

तगमग: नाही. बरं एक राहिलं, मला तांबी आहे, दीड वर्ष झालं. त्याचा काही संबंध नसेल ना? आणि मागची पाळी नेहमीसारखी नव्हती, थोडीशीच, दोन दिवस डाग.

मोगरा: अगं हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! तो एकोणिसावा दिवस तू ज्या पाळीपासून मोजतेयस ती पाळीच नसेल तर आपलं सगळं गणित पडलं. आज केमिस्टकडून प्रेग्नन्सी किट आण.

रातराणी: उगाच घाबरवू नका, तांबी असताना दिवस जात नाहीत.

मोगरा: क्वचित जातात, आणि गेले तर नळीत राहिलेले असण्याची शक्यता जास्त धरतात. एका बाजूला दुखणं, पाळीसारखे थोडे डाग, हेच त्याचं चित्र. तांबीने बीज सुटायचं थांबत नाही, त्यामुळे साधं ओव्हुलेशनचं दुखणं पण असू शकतं. किट केल्याशिवाय कळणार नाही.

तगमग: केली. एकच रेघ. दुखणं पण आता सकाळपेक्षा कमी आहे.

मोगरा: छान. मागच्या महिन्यातलं काही असतं तर आत्तापर्यंत बहुतेक दुसरी रेघ आली असती. आता तारीख लिहून ठेव, दोन आठवड्यांच्या आसपास नीट पाळी आली तर ओव्हुलेशनचंच होतं समज. पण डाग का पडले आणि तांबी जागेवर आहे का हे बघायला या आठवड्यात गायनॅककडे जा, चिडलीस तरी चालेल. आणि एकदम जोरात कळ, उलट्या, चक्कर, ताप, खांद्यात दुखणं यातलं काही झालं तर तेव्हा आठवडा नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी.

तगमग: शनिवारची अपॉइंटमेंट मिळतेय. तोवर मेफ्टाल घेऊ का?

काळी मिरी: तांबी दीड वर्षात काढूनच टाक गं, मी काढली आणि पाठदुखी थांबली.

सिन्नरकर: शनिवारी सोनोग्राफी होणारच आहे तर अपेंडिक्स पण बघायला सांगा.