मदत हवी आहे: घरात दोन तान्ही बाळं, डासांवर काय वापरलं तर चालेल?

बी-603
नमस्कार. आमच्याकडे सध्या दोन बाळं आहेत. माझी मुलगी 7 आठवड्यांची आहे आणि जाऊबाईंचा मुलगा 9 महिन्यांचा, तो आता घरभर रांगतो. काल सकाळी मुलीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चार लाल गांधी दिसल्या. डावा हात अगदी स्वच्छ. ती छत्रीच्या मच्छरदाणीत झोपते आणि मी स्वतः ती नीट लावते, तरीही हे झालं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला डासांचं काहीही लावायचं नाही. मग घरात काय चालेल? लिक्विडचं मशीन लावावं का? औषध लावलेली मच्छरदाणी तान्ह्या बाळाला चालते का? सासूबाई कापूर ठेवायला सांगतायत. मला खरंच रात्री झोप लागत नाहीये.

ए-1102
ताई, हे सगळे नदीचे डास आहेत. जलपर्णी काढत नाहीत तोवर घरात काही करून उपयोग नाही. आपल्या विंगला संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडता येत नाही. कमिटीने आठवड्यातून दोनदा धूर मारून घ्यावा, सगळ्यांनी मिळून अर्ज करूया.

सी-204
आमची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला बागेत जाताना हातात तो वासाचा बँड घालतो, तरी पायाला डास चावतातच. कुठल्या कंपनीचा बँड चांगला आहे, कोणी सांगेल का?

डी-101
बी-603 ताई, मी हिवताप विभागात कीटक समाहारक होतो, निवृत्त झालोय. आधी तीन गोष्टी सांगा. बाळ कुठल्या कुशीवर झोपतं? सकाळी मच्छरदाणी उचलण्याआधी आत डास दिसतो का? आणि दिवसा बाळाचे पाय उघडे कधी असतात?

सी-204, बँडचा वास मनगटापुरताच राहतो. पायाला डास चावतात ते त्यामुळेच. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घाला, त्याचा जास्त उपयोग होईल.

बी-603
काका, ती उताणीच झोपते, पण उजवा हात बाहेर फेकायची सवय आहे. छत्री लहान असल्यामुळे हात जाळीला टेकतो. आज मुद्दाम पाहिलं, आत एकही डास नव्हता. पाय मालिशच्या वेळी उघडे असतात. मावशी दहाच्या सुमारास हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी बसून मालिश करतात. तुम्ही विचारल्यावर पाहिलं तर पिंढरीवरही दोन गांधी आहेत. त्या कालच्या नाहीत, आजच्याच.

डी-101
मग ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

हातावरच्या गांधींचं आधी. डास आत शिरलेलाच नाही. बाळाचा हात जाळीला टेकला की डास बाहेर बसून जाळीतूनच चावतो. म्हणून सगळ्या गांधी एका रांगेत, एकाच हातावर आहेत. डास आत शिरला असता तर तोंडावर, दोन्ही हातांवर कुठेही चावला असता आणि सकाळी फुगलेल्या पोटाने जाळीवर आतून बसलेला सापडला असता. छत्री बदला. चार कोपऱ्यांना बांधायची चौकोनी मच्छरदाणी मोठ्या गादीवर ताणून लावा, चारही कडा गादीखाली खोचा आणि बाळाला जाळीपासून हातभर आत ठेवा. जाळी सैल लोंबू देऊ नका, दोऱ्या आत येऊ देऊ नका. बाळ कुशीवर वळायला लागलं की याची जास्त काळजी घ्या. जाळीवर एक इंचाची पट्टी धरून भोकं मोजा, एका बाजूला 12-13 भरली तर जाळी चांगली.

औषधाची मच्छरदाणी बाळाला चालते. गडचिरोलीत सरकार ती वाटतं आणि तान्ह्या लेकरांसकट घरच्या घर त्यात झोपतं. नवीन असेल तर एक दिवस सावलीत वाऱ्यावर टाका आणि मगच लावा. धुताना साधा साबण वापरा, वाळवतानाही सावलीतच वाळवा. तुमचा 9 महिन्यांचा मुलगा मात्र हाताला लागेल ते तोंडात घालेल, त्यामुळे त्याच्या गादीला साधी जाळी लावा. तीही ताणलेली असली की पुरते.

आता पायाच्या गांधी. ए-1102 दादा, जलपर्णीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते डास संध्याकाळी आणि रात्री चावतात. सकाळी दहाला चावणारा वेगळा, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंगीचा तोच. त्याला घरातलं, आवारातलं साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. ताई, त्याचा उगम तुमच्या चार भिंतींत नाहीतर बाल्कनीत असायची शक्यता जास्त. धूर मारला तर उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

बी-402
मी बालरोग विभागात नर्स आहे. कापराबद्दल सासूबाईंना प्रेमाने सांगा, पण थांबवा. रांगत्या मुलाने कापराची एक वडी जरी गिळली तरी झटके येऊ शकतात. आमच्याकडे असं बाळ आलं होतं. वडी देवघराच्या खालच्या फळीवरच ठेवलेली होती. निलगिरीच्या तेलाचे रोलऑनही तीन वर्षांच्या आतल्या मुलांना नको. कपड्यांवर चिकटवायचे पॅच 9 महिन्यांचं बाळ सोलून तोंडात घालतं, तेही नको.

मुलाला डासांच्या क्रीमची ट्यूब लावायची असेल तर आधी त्यावर वय किती लिहिलंय ते वाचा. मोठ्याने आधी आपल्या हाताला घ्यावी, मग बाळाच्या उघड्या भागाला पातळशी लावावी. बोटांना, डोळ्यांजवळ, कपड्याच्या आत आणि खरचटलेल्या जागी लावू नका. घरात आल्यावर साबणाने धुवा.

ए-502
मशीनचं काय? आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोली बंद करून तासभर लावा, मग बंद करून खिडकी उघडा आणि बाळाला नंतर न्या. आम्ही दोन्ही मुलांच्या वेळी तेच केलं.

बी-402
तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या खोलीत मशीन नकोच असं मी सांगेन. तासभर आधी लावायला कोणी हरकत घेणार नाही, पण रात्रभर उशाशी लावू नका. यावर सगळे डॉक्टर एकसारखं सांगत नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारा. ती बाटली मात्र मुलाच्या हाताला लागता कामा नये. त्यात रॉकेलसारखं द्रव असतं, ते फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. कॉइल तर लावूच नका, तिचा धूर बाळ सोसू शकत नाही. आणि रस्त्यावर मिळणाऱ्या अगरबत्तीच्या पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण नसेल तर ती घरात आणू नका.

आणखी एक, ताई. इतक्या लहान बाळाला ताप आला, काखेत 38 अंश भरला, तर घरी थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. त्याआधी आपल्या मनाने कुठलंही औषध देऊ नका.

बी-603
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं ऐकून आज घर धुंडाळलं. बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ताटल्या कोरड्या होत्या, फ्रिजमागची ट्रेही. पण मनी प्लँटची जी बाटली आम्ही टीव्हीशेजारी हौसेने ठेवली होती, तिच्यात टॉर्च टाकला तर अळ्या वळवळताना दिसल्या. उजेड पडताच सगळ्या तळाशी गेल्या. मावशी मालिशला बसतात ती जागा तिथून चार पावलांवर आहे. बाटली घासून धुतली, रोप मातीत लावलं आणि उद्यापासून मालिश बंद खोलीत.

डी-101
छान केलंत. बाटली आतून घासली तेही बरं झालं, अंडी काचेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात आणि पाणी मिळालं की त्यातून अळ्या निघतात. या पावसात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओता, वार ठरवून ठेवा.

तुमच्या विंगच्या डक्टमध्ये तळाशी पाणी साठतं, पाचव्या मजल्यावरच्या एसीचे पाइप तिथेच उघडे सोडलेत. उद्या सकाळी मी टॉर्च घेऊन बघतो. किल्ली कोणाकडे असते?

ए-1102
काका, किल्ली सेक्रेटरींकडे आहे. मीही येतो.