मदत हवी आहे: गेम काढून टाकला तरी दर शनिवारी पैसे कटतायत

मीनल_मुलुंड
नमस्कार. नवऱ्याच्या खात्यातून दर शनिवारी १५९ रुपये जातायत. गृहकर्जाच्या कामासाठी स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं, दिवाळीच्या आधीपासून चालू आहे. मुलाच्या गेमचं आहे हे नक्की, त्यानेच कबूल केलं. गेम लगेच काढून टाकला, तरी काल परत कटले! बंद कसं करायचं? प्लीज लवकर सांगा, उद्या बँकेत जाऊन भांडणार आहे.

सुमित_ठाणे
ऑटोपे आहे ते. यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर जा, तिथे ऑटोपे दिसेल, मँडेट रद्द करा. दोन मिनिटांचं काम, बँकेत कशाला जाताय.

गोखलेकाका
मुलाचं वय काय? आमच्या वेळी पाच पैशांच्या गोळ्यांचा हिशोब द्यावा लागे. मोबाइल काढून घ्या, प्रश्नच मिटला.

मीनल_मुलुंड
काका, अकरा वर्षांचा आहे. मोबाइल त्याचा नाहीच, नवऱ्याचा आहे. रात्री ते घरी आले की अर्धा तास देतात.

अभिजित_कांदिवली
ताई, थोडी माहिती द्या, नाहीतर सगळे अंदाजच बांधतील. फोन अँड्रॉइड की आयफोन? पैसे यूपीआयने जातात की कार्डाने? आणि त्या फोनवर गुगलची खाती किती आहेत?

मीनल_मुलुंड
अँड्रॉइड. स्टेटमेंटला यूपीआय आणि गुगल प्ले असं लिहिलंय. खातं एकच, नवऱ्याचं. त्यात सबस्क्रिप्शन बघितलं, रिकामं आहे. म्हणून तर विचारतेय!

रेवती_पार्ले
आमच्याकडे आयपॅडवर असंच झालं होतं. Screen Time मध्ये जाऊन In-app Purchases ला Don't Allow केलं की खरेदीच होत नाही. फॅमिली शेअरिंगमध्ये Ask to Buy पण चालू करा, मूल काही घ्यायला गेलं की आपल्या फोनवर विचारणा येते. फार छान आहे.

सुमित_ठाणे
त्यांनी अँड्रॉइड लिहिलंय.

रेवती_पार्ले
हो, पण कुणाला तरी उपयोगी पडेल की.

अभिजित_कांदिवली
मीनलताई, सबस्क्रिप्शन रिकामं दिसतंय आणि पैसे जातायत, म्हणजे त्या फोनवर दुसरं जीमेल असणार. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवा, नावाशेजारचा बाण दाबा. मुलाने गेमसाठी उघडलेलं खातं तिथे दिसेल. त्या खात्यात शिरा, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions. सबस्क्रिप्शन ज्या खात्यातून घेतलं तिथेच दिसतं. पैसे कुणाचे गेले याच्याशी त्याचा संबंध नसतो. गेम काढूनही काही होत नाही, कारण वर्गणी गुगलकडे असते, गेम फक्त फोनवर असतो.

मीनल_मुलुंड
आहे!! शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी काढलेलं जीमेल. 'वीकली मेंबरशिप', Active. आणि सगळ्या पावत्या त्याच मेलवर येऊन पडल्यात, आम्ही कुणीच उघडत नाही तो. पण पिनशिवाय कसे कटले? पिन फक्त नवऱ्याला माहीत आहे.

अभिजित_कांदिवली
पिन एकदाच लागतो. पहिल्या आठवड्याला २९ किंवा तत्सम सवलतीची किंमत होती का बघा.

मीनल_मुलुंड
हो, २९ आहे पहिली नोंद. नवरा म्हणतो, लोकलमध्ये होतो, याने फोन केला की २९ रुपयांचं आहे, रिक्वेस्ट येईल, तेव्हा टाकला पिन.

अभिजित_कांदिवली
तिथेच झालं. त्या पिनने २९ रुपये गेले आणि मँडेटही मंजूर झालं. त्या पडद्यावर किती रुपयांपर्यंत, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत, असं तिन्ही लिहिलेलं असतं. पण माणूस मोठ्या अक्षरातला आकडा बघतो आणि पिन दाबतो. पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा हप्त्यांना १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना द्यावी लागते. नवऱ्याच्या फोनवर शुक्रवारी ती येत असणार. ऑफरच्या मेसेजांच्या गर्दीत कोण बघतो म्हणा.

आता क्रम नीट पाळा. आधी प्ले स्टोअरमध्ये Cancel subscription. ते झालं की यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट उरलंय का बघा, असेल तर रद्द करा. शुक्रवारपर्यंत थांबू नका.

सुमित_ठाणे
मीही मँडेट रद्द करायलाच सांगितलं होतं. क्रमाने काय फरक पडतो?

अभिजित_कांदिवली
पडतो. नुसतं मँडेट तोडलं तर गुगलच्या दृष्टीने वर्गणी चालूच असते, फक्त पैसे आले नाहीत. मग ते परत प्रयत्न करतात. खात्यात दुसरं कार्ड बॅकअप म्हणून ठेवलेलं असेल तर त्यातून घेऊ शकतात. तेही नसेल तर पैसे भरायची पद्धत बदला असा संदेश येतो, आणि तो कोण वाचणार? मुलगाच. मग संध्याकाळी "बाबा, एक पिन टाका ना."

सुमित_ठाणे
ओके, हे माहीत नव्हतं. माझ्याकडे जिमचं होतं, नुसतं मँडेट तोडून भागलं होतं.

मीनल_मुलुंड
केलं रद्द. पण अजून Active च दाखवतंय, तारीख पुढच्या शनिवारची. परत कटणार का??

अभिजित_कांदिवली
नाही. पैसे भरलेत त्या आठवड्यापुरतं चालू राहतं. तारखेच्या जागी आधी पुढचा हप्ता कधी कटणार ते असतं, रद्द केल्यावर कधी संपणार ते येतं. ती ओळ वाचा.

मीनल_मुलुंड
हो, संपणार असंच लिहिलंय. सुटले. एकूण किती गेले कसं कळेल? स्टेटमेंट तीनच महिन्यांचं आहे.

अभिजित_कांदिवली
त्या मेलमधली शेवटची पावती उघडा. ऑर्डर क्रमांक GPA ने सुरू होतो. त्याच्या शेवटी दोन टिंबं आणि एक आकडा असेल, तो सांगा. बाकी क्रमांक इथे टाकू नका.

मीनल_मुलुंड
..13

अभिजित_कांदिवली
पहिल्या ऑर्डरला शेपूट नसतं. पहिलं नूतनीकरण ..0, पुढचं ..1, असं चालतं. म्हणजे ..13 हे चौदावं. १४ गुणिले १५९ म्हणजे २,२२६, अधिक ते २९. एकूण २,२५५ रुपये.

बापू_कर्जत
सरळ बँकेत तक्रार टाका, फसवणूक म्हणून. सगळे परत येतील. आणि आता तर कायदाच आलाय, २०२५ मध्ये ऑनलाइन गेमवर बंदी आली.

अभिजित_कांदिवली
बापू, ती बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. गेममधली वर्गणी त्यात येत नाही. आणि पिन घरच्याच माणसाने टाकलाय, बँकेला फसवणूक म्हणून काय सांगणार? वाद बँकेत गेला की गुगल ते खातं अडवूही शकतं, मग शाळेचे मेलही गेले.

त्यापेक्षा गुगलकडेच रिफंड मागा, आणि आज रात्रीच. शेवटचा हप्ता काल कटलाय, ४८ तासांच्या आत त्यांच्याच पानावरून विनंती करता येते. ब्राउझरमध्ये त्या जीमेलने play.google.com उघडा, ऑर्डरच्या इतिहासात जा, तिथे Report a problem आहे. कारणांच्या यादीत घरच्या माणसाने संमतीशिवाय घेतलं असा पर्याय असतो. जुन्या हप्त्यांसाठी गेमवाल्यांना लिहावं लागेल, त्याची फार आशा धरू नका.

बापू_कर्जत
संमतीशिवाय कसं? तुम्हीच म्हणालात बापाने पिन टाकला.

अभिजित_कांदिवली
बरोबर. म्हणून जे झालं ते तसंच लिहा: २९ ला हो म्हटलं होतं, दर आठवड्याच्या १५९ ला नाही. ठरवणारे ते.

स्वप्ना_गोरेगाव
पुढे होऊ नये म्हणून प्ले स्टोअरमध्ये बजेट लावा, महिन्याला १०० वगैरे. आम्ही लावलंय.

अभिजित_कांदिवली
स्वप्नाताई, ते बजेट अडवत नाही, फक्त जवळ आलात, ओलांडलंत एवढं सांगतं. अडवायचं तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये Purchase verification आहे, ते प्रत्येक खरेदीला लावा. मीनलताई, दोन्ही खात्यांत जाऊन करा. आणि बोटाच्या ठशावर सोडू नका. त्या फोनमध्ये मुलाचा ठसा नोंदलेला आहे का?

मीनल_मुलुंड
आहे. फोन उघडायला सारखं विचारायचा म्हणून नवऱ्यानेच घातला.

अभिजित_कांदिवली
मग आधी तो काढा, नाहीतर तोच पडताळणी करेल. मुलाच्या खात्यातून यूपीआय आयडीही काढून टाका. Family Link ने त्याचं खातं तुमच्या देखरेखीखाली आणलं तर प्रत्येक खरेदी तुमच्या मंजुरीला येते. पण जन्मसाल मोठं टाकून खातं उघडलं असेल तर आधी ते दुरुस्त करावं लागेल, मग गुगल पालकाची संमती मागेल. त्याला थोडा वेळ काढा. आणि हे सगळं गुगल प्लेच्या बिलिंगपुरतं आहे. गेमच्या वेबसाइटवरून टॉप-अप घेतला तर यातलं काही आड येत नाही.

स्वप्ना_गोरेगाव
अरे देवा. आमचं बजेट म्हणजे शोभेचंच म्हणायचं.

गोखलेकाका
म्हणूनच म्हणतो, मैदानावर पाठवा.

रेवती_पार्ले
काका, मैदान उरलंय कुठे? आमच्या सोसायटीत क्रिकेटला बंदीचा बोर्ड आहे, गाड्यांच्या काचा फुटतात म्हणून.

गोखलेकाका
त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

मीनल_मुलुंड
अपडेट. कालच्या १५९ चा रिफंड मंजूर झाल्याचा मेल आला! गेमवाल्यांना पण लिहिलंय, त्यांचं नुसतं 'तक्रार मिळाली' आलंय. यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट आता रद्द दिसतंय, तिथे एका जुन्या ओटीटीचं पण सापडलं, तेही उडवलं. ठसा काढला, मुलगा फुगून बसलाय.

एक राहिलं. स्टेटमेंटमध्ये एकदा ५०० ची वेगळी नोंद आहे, ती पावत्यांत कुठेच नाही. मुलगा म्हणतो मित्राने कोड दिला होता.

सुमित_ठाणे
रिडीम कोड असेल. यूपीआय अ‍ॅपमधूनच विकत मिळतो. नवऱ्याच्या अ‍ॅपमध्ये यूपीआय लाइट चालू आहे का? त्यात छोट्या रकमांना पिन लागत नाही.

अभिजित_कांदिवली
लाइट असेल तर बँकेच्या स्टेटमेंटला सहसा लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, पुढचा खर्च नाही. त्या ५०० समोर नेमकं काय लिहिलंय?

मीनल_मुलुंड
लाइट चालू आहे. नोंदीतली अक्षरं मला लागत नाहीत, नवरा आला की बघून लिहिते. तोवर लाइट बंद करून ठेवते. पैसे आत असतील तर ते खात्यात परत येतात ना?

सुमित_ठाणे
येतात. बंद करताना अ‍ॅपच परत टाकतं. आणि त्या मित्राच्या आईलाही एक फोन करा.