घोरण्यापायी वेगळी खोली, लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षी

सायली_डोंबिवली
लग्नाला २७ वर्षं झाली. नवरा घोरतो, आणि गेल्या तीन-चार वर्षांत ते सहन होईनासं झालंय. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, तिची खोली रिकामी आहे. मी तिथे झोपते म्हटलं तर हा म्हणाला, "म्हणजे आपलं आता संपलं का?" सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वेगळं झोपल्याने खरंच दुरावा येतो का?

नानासाहेब
येतो. माझं वय ७१, लग्नाला ४४ वर्षं झालीत. आमच्या घरातले निम्मे निर्णय दिवा मालवल्यावर झालेत. थोरल्याचं कॉलेज, गावची जमीन विकायची की नाही, सगळं अंधारात. तोंड दिसत नाही तेव्हा माणूस खरं बोलतो. खोल्या वेगळ्या झाल्या की हे बोलणं कधी होणार, नाश्त्याला? तोवर पेपर आणि फोन सुरू झालेले असतात. घोरण्यावर उपाय आहे: बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा. उताणा झाला की टोचतो, आपोआप कुशीवर वळतो. मी स्वतः केलंय.

पडवीतली_माणसं
नानासाहेब, राग मानू नका, पण नवरा-बायकोची स्वतंत्र बेडरूम ही आपल्याकडे कधीपासूनची? आमच्या राजापूरच्या घरात आजोबा पडवीत निजायचे आणि आजी माजघरात, नातवंडांच्या गराड्यात. पन्नासएक वर्षं. आजोबांना खोकल्याची ढास लागली की आजी आतूनच ओळखायची आणि न सांगता गरम पाणी घेऊन बाहेर यायची. एका गादीवर पाठ करून, आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घालून पडलेली जोडपी मी रोज बघते. त्यांना जवळ म्हणायचं का?

नानासाहेब
ती जागेची अडचण होती हो. आजीला कुणी विचारलं होतं का, तुला कुठे झोपायचंय? सक्तीला संस्कृती म्हणू नका.

पडवीतली_माणसं
हे मात्र मान्य. आजीला विचारायचं राहूनच गेलं.

भोसरीची_वहिनी
आमच्याकडे पण हाच प्रॉब्लेम. मिस्टर कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलते. नाईट असली की सकाळी आठला झोपतात. तेव्हा मी कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, बेल वाजली तरी धावत जायचं. एकत्र झोपणं महिन्यातून फार तर पंधरा दिवस. पण आम्ही एक ठरवलंय. सेकंड शिफ्टला ते बाराला येतात, तेव्हा मी उठून ताट वाढते आणि ते जेवेपर्यंत समोर बसते. बोललंच पाहिजे असं काही नाही. तिथून मी झोपायला, ते टीव्हीसमोर. बाई, तुमच्या ह्यांची पाळी कोणती?

सायली_डोंबिवली
पाळी नाही हो, घोरणं! तरी वेळेचाही घोळ आहेच. हा साडेनऊला आडवा होतो, मला बाराशिवाय झोप येत नाही. मी खोलीत जाते तोवर याची मैफल रंगात आलेली असते.

रात्रपाळीचा_टेक्निशियन
झोपेच्या लॅबमध्ये बारा वर्षं काम करतोय. खोलीचं नंतर ठरवा, आधी एक सांगा. घोरण्याचा आवाज एका लयीत चालतो, की मध्येच पूर्ण थांबतो आणि मग एकदम फुस्सकन किंवा गुदमरल्यासारखा येतो? लयीतल्या आवाजाची कानाला सवय होते, रेल्वेलाईनशेजारी राहणारे झोपतातच की. बायकोला जाग येते ती बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच्या धक्क्याने. ती शांतता म्हणजे घसा आतून मिटलाय, छाती ओढतेय, पण हवा आत जात नाही.

हे त्या माणसाला स्वतःला कधीच कळत नाही. आमच्याकडे येणारे निम्मे पुरुष "मला काही होत नाही, हिने आणलंय" म्हणतच येतात. म्हणून मी वेगळ्या खोलीच्या विरोधात नाही, पण साक्षीदार उठून जाण्याआधी साक्ष नोंदवून ठेवा. रात्री दोन ते चारच्या सुमारास फोनवर दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ घ्या. चेहरा आणि छाती दोन्ही दिसू द्या. पहाटेकडे त्रास वाढतो, म्हणून तेव्हाचाही एक घ्या. आणि बघा: रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात का, सकाळी डोकं जड असतं का, गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नाही का, दुपारी पेपर हातात घेऊन डुलकी लागते का. लघवीचं लोक शुगरवर किंवा प्रोस्टेटवर ढकलतात आणि वर्षं निघून जातात.

नानासाहेबांचा चेंडू खोटा नाही. फक्त उताणं असताना घोरणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. कुशीवरही श्वास अडकत असेल तर नाही. दारू मात्र बंद, निदान झोपायच्या आधीची तरी. तिने घसा आणखी सैल पडतो.

नानासाहेब
नाकात साजूक तूप सोडलं की बरं वाटतं, हेही लिहा.

रात्रपाळीचा_टेक्निशियन
नाक कोरडं पडत असेल तर वाटेलही. अडथळा बहुतेकदा त्याच्या मागे, जिभेच्या मुळाशी आणि पडजिभेपाशी असतो. तूप तिथे काही करत नाही.

सायली_डोंबिवली (तीन आठवड्यांनी)
व्हिडिओ घेतला. हातात घड्याळ धरून बसले होते. एकदा आवाज थांबला तो २६ सेकंद. पोट हलतंय आणि नाकातोंडातून काहीच नाही. मी हलवणार तेवढ्यात खर्रकन सुरू झालं. इतकी वर्षं मी त्या क्षणी याला कोपर मारत होते आणि उशी डोक्यावर घेत होते.

सकाळी याला दाखवला. पूर्ण बघितला नाही, पण डॉक्टरकडे यायला तयार झाला. चाचणी घरीच झाली: छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा. तासाला ३४ वेळा श्वास अडकतो. ३० च्या वर म्हणजे तीव्र, म्हणाले.

रात्रपाळीचा_टेक्निशियन
त्या रात्री अंगावर नवे पट्टे म्हणून ते बराच वेळ जागे राहिले असतील तर खरा आकडा जास्तही असू शकतो. घरच्या चाचणीत यंत्र चालू असलेल्या सगळ्या वेळाने भागतात, नुसत्या झोपेच्या नाही. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन दिलं का?

सायली_डोंबिवली
दिलं. पहिले चार दिवस दीड तासात मास्क काढून फेकायचा. एका बाजूने हवा सुटून डोळ्यात जायची, तोंड कोरडं पडायचं. मास्कचा आकार बदलून घेतला, पाण्याचं भांडं जोडलं. आता पाच तास टिकतो. घोरणं बंद. रात्री उठणं तीनवरून एकावर आलंय.

पण खरी पंचाईत आता झालीय. हा म्हणतो, "आता ये परत." आणि मला तिकडची सवय लागलीय. बारापर्यंत दिवा चालू ठेवते, पंखा पाचवर, कुणी पांघरूण ओढत नाही. मशीनची बारीक सूंऽऽ ऐकू येते, ती काही त्रासाची नाही. तरी जावंसं वाटत नाही, आणि हे याला सांगता येत नाही.

नानासाहेब
म्हणजे घोरणं हे निमित्त होतं.

पडवीतली_माणसं
किंवा तीन-चार वर्षांची झोप भरून काढतेय ती. द्या की तिला चार महिने.

भोसरीची_वहिनी
ते साडेनऊला आडवे होतात ना? तेव्हा जाऊन बसत जा की थोडा वेळ.

सायली_डोंबिवली
बसते आहे सोमवारपासून. मास्क लावल्यावर याला बोलता येत नाही, म्हणून त्याआधी अर्धा तास. काल दिवा मालवायला सांगितला आणि मग मुलीच्या लग्नाच्या पैशांचा विषय काढला. नानासाहेब, हसू नका.