दुसरी चाबी कोणाकडे?

लग्न करायचं नाही हे मी सव्विसाव्या वर्षी ठरवलं. आज सत्तेचाळीस. तेव्हापासून दर लग्नात, दर मौंजीत एकच प्रश्न ऐकते: "म्हातारपणी तोंडात पाणी कोण घालेल?" तो नवऱ्याच्या नावानेच सुटतो असं विचारणारा गृहीत धरतो. म्हणून मी प्रश्न बदलून तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या घराची दुसरी चाबी कोणाकडे आहे, आणि ती कधी कामी आली का? आधी माझं सांगते.

बजाजनगर, ४७, मुद्रितशोधक

गेल्या एप्रिलमधली दुपार. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, घरात कूलर सुरू. जेवणानंतर तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ आली आणि पाठीत गेली. उलट्या थांबेनात. धरमपेठेतल्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे चाबी आहे, पण मी दाराला आतून कडी लावून बसले होते. कडी लागली की बाहेरची चाबी काही कामाची नाही. दारापर्यंतच्या बारा पावलांना मला किती वेळ लागला सांगता येणार नाही, एवढंच आठवतं की कूलरच्या स्टँडला धरून मी दोनदा थांबले.

पित्ताशयात खडे निघाले. भरती करताना काउंटरवर विचारलं, "पेशंटच्या कोण?" ती म्हणाली, मैत्रीण. "घरचं कोणी नाही का?" भाऊ पुण्याला. त्याचा फोन लागेपर्यंत सही अडली, सव्वा तास. शेवटी सर्जन स्वतः आले आणि म्हणाले, बाई शुद्धीवर आहेत, सज्ञान आहेत, संमती त्यांचीच लागते. मी सही केली. हे आधी ठाऊक असतं तर तो सव्वा तास वाचला असता.

आता रात्री कडी लावत नाही. आतून-बाहेरून चाबीने उघडणारं लॅच लावलं. विमा पॉलिसीची प्रत आणि औषधांच्या ॲलर्जीचा कागद मैत्रिणीकडे आहे, आणि तिचे माझ्याकडे. ती विवाहित आहे, दोन मुलं आहेत, तरी तिचे कागद माझ्याकडे आहेत, कारण तिचा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतो.

मनीषनगर, ३४, मिहानमध्ये नोकरी

माझी चाबी खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे. मी तर पुढचंही केलंय. बँकेत, फंडात, सगळीकडे त्यालाच नॉमिनी केलं. आईबाबा नाहीत. मला काही झालं तर सगळं त्याचं, विषय संपला. कागदोपत्री कुटुंब करायला लग्नच लागतं असं नाही, हे त्यातून मला कळलं.

रामदासपेठ, ६८, बँकेतून निवृत्त

बेटा, भावना खरी आहे, कागद अपुरा आहे. मी छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसले, म्हणून सांगते. नॉमिनी म्हणजे बँक ज्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते तो माणूस. पैसा कोणाचा, हे वारसा कायदा ठरवतो. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच हे सांगितलं, शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल २०२३ मध्ये. उद्या तुझा सख्खा भाऊ किंवा बहीण उभी राहिली तर तुझ्या मित्राला सगळं त्यांच्या हवाली करावं लागू शकतं.

माझंच बघ. मी अविवाहित हिंदू बाई, आईवडील गेलेले. मी काही लिहून ठेवलं नाही तर माझा फ्लॅट वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावंडांकडे जाणार. ज्या शेजारणीने माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे डबा दिला, तिचं नाव त्यात कुठेच नाही. म्हणून मृत्युपत्र केलं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीला घेतलं नाही, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी दुय्यम निबंधकांकडे करून घेतली, कारण भाचा भांडखोर आहे.

आणि भावाला बसवून सांगितलं. तो दोन महिने बोलला नाही. अजूनही पुरता मोकळा झालेला नाही. भाऊबीजेला मात्र आला.

मनीषनगर, ३४

काकू, हे खरंच माहीत नव्हतं. बहीण आहे एक, दहा वर्षांत बोलणं नाही. याच आठवड्यात कागद करतो. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "पैशाचं सोड, तू डॉक्टरकडे जा आधी." शुगर तपासायची राहिली आहे.

काटोल, ३६, संत्रा बागायतदार

तुमी सगळे म्हणता लग्न नाही केलं. आमाले तर पोरगीच कोणी देऊन नाही राहिलं. साडेतीन एकर बाग, पाणी आहे, तरी म्हणते नोकरीवाला पायजे. पाच वर्षं झाले पाहून पाहून. चाबीचं म्हणाल तं आमच्या घराले कुलूपच नसते. मले एवढंच विचारायचं हाय, एकटं राहणं तुमी निवडलं, मी काय निवडलं? अंबिया बहाराच्या तोडणीले बहिणीची पोरगी येते, पेट्या मोजते, मामा मामा करते, तवा घर भरल्यावाणी वाटते. ते गेली की आई आन् मी.

बजाजनगर, ४७

दादा, तुमचं आणि माझं एकटेपण सारखं नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. दार मी बंद केलं, तुमच्यासाठी ते कोणी उघडलं नाही. भाचीबद्दल लिहिलंत ते मात्र मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. माझ्याकडे याला उत्तर नाही.

महाल, ४१, शिक्षक

माझी चाबी परत आली. वीस वर्षांचा मित्र, दर रविवारी सकाळी तर्री पोहे, मग फुटाळ्यावर चक्कर. त्याला मुलगी झाली, मग हैदराबादला बदली. जाताना चाबी हातात ठेवली. त्या काळात मी दोन स्थळं बघून आलो. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं, मला बायको हवी नव्हती, मला तो रविवार परत हवा होता. त्या मुलींना हो म्हटलं असतं तर एका रिकाम्या सकाळीसाठी कोणाचं तरी आयुष्य घेतलं असतं.

एकट्याने राहणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. नवरा-बायकोने एकमेकांना धरून ठेवावं म्हणून दोन घरं, नातेवाईक, सणवार सगळे झटतात. मैत्रीसाठी कोणी झटत नाही, ती आपल्यालाच धरून ठेवावी लागते, तोंडाने मागून. आता मागतो. वाड्यातल्या काकांना सांगितलं, रविवारी मी तुमच्याकडे येणार. चाबी अजून कोणाला दिलेली नाही.

रामदासपेठ, ६८

मास्तर, चाबी द्यायला अवकाश लागतो. तोवर आमचं करून बघा. आम्ही समोरासमोरच्या तिघी, तिन्ही एकट्या. एक विधवा, एकीची मुलं परदेशी, आणि मी. सकाळी सातपर्यंत प्रत्येकीने गॅलरीचा पडदा सरकवायचा. नाही सरकला तर फोन, फोन नाही उचलला तर चाबी घेऊन वर. चार वर्षांत दोनदा वर जावं लागलं. एकदा मी गाढ झोपले होते. दुसऱ्यांदा दोघींतली एक न्हाणीत पडली होती आणि आम्ही सव्वासातला तिथे होतो.