बॅटरी बदलल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते: आपापले अनुभव लिहा

धागा सुरू करणारी, सुदामानगर, इंदूर
आमच्या जुन्या पेट्रोल सेडानला नुकतीच नवी बॅटरी बसवली. तेव्हापासून रेडिओ कोड मागतोय आणि ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नाही. ते एक वेळ चालेल. पण एसी लावून भंवरकुआंच्या सिग्नलला थांबलं की आरपीएमचा काटा 500 च्या खाली येतो, गाडी थरथरते, कधीकधी बंदच पडते. आधी ती 750 वर शांत उभी असायची. बॅटरीवाला म्हणतो, “चालवत राहा, जमून जाईल.” ज्यांच्या गाडीला हे झालं, त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगा.

लोकमान्यनगर
ताई, चालवाच. कॉम्प्युटर आपोआप शिकतो. मी महूपर्यंत जाऊन आलो आणि आमची गाडी ठीक झाली. नाही झाली तर निगेटिव्ह वायर परत अर्धा तास काढून ठेवा, सगळं रीसेट होतं.

छावणी, गॅरेजचं काम करतो
दादा, चालवून शिकते हे खरं, पण वायर परत काढायला सांगू नका. तेवढ्यात जे थोडं शिकलं असेल तेही पुसलं जाईल.

ताई, गाडी जुनी आहे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती काजळी बसलेली असणार. ती हळूहळू साचते, तसा कॉम्प्युटर पाकळी किंचित जास्त उघडत जातो आणि काटा 750 वर धरून ठेवतो. म्हणून वर्षानुवर्षं तुम्हाला काही जाणवत नाही. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ती सवय पुसली जाते आणि पाकळी नव्या गाडीइतकीच उघडते. आता काजळीमुळे हवा कमी पडते. त्यात एसीचा भार आला की गाडी दम तोडते. बॅटरीत खोट नाही, तिने फक्त जुना दोष उघडा पाडला.

म्हणून आधी सफाई, मग शिकवणी. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पाकळीची कड आणि आतली भिंत पुसायची. चावी बंद ठेवायची आणि मोटरवाली पाकळी बोटाने जोरात ढकलायची नाही, आतले दाते जातात. हे ओळखीच्या मेकॅनिककडून केलेलं बरं.

होंडाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत शिकवणी अशी असते: एसी, दिवे, रेडिओ सगळं बंद. चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, मग स्टार्ट करा. न्यूट्रलमध्ये 3000 वर धरा, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत. मग पाय काढून पाच मिनिटं नुसती उभी राहू द्या. हे उघड्यावरच करा, बंद गॅरेजात नाही. दुसऱ्या कंपन्यांची पद्धत वेगळी असते, काहींना स्कॅनर लागतो.

आमच्याकडे एक गाडी उलट तक्रार घेऊन आली होती. कुणीतरी थ्रॉटल साफ करून दिला, शिकवणी केलीच नाही. काजळी गेली, पण पाकळी जुन्या सवयीने जास्तच उघडत होती, त्यामुळे काटा 1400 च्या खाली येईना. वरची पद्धत केली आणि जागेवर आली.

महू
माझ्या गाडीला बॅटरीनंतर स्टीअरिंग आणि ईएसपीचे दिवे लागले होते. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, थोडं चालवलं, दिवे गेले. ताईंनी हेच करून बघावं.

छावणी
भिया, तो वेगळा सेन्सर. त्याचा थरथरण्याशी संबंध नाही.

पलासिया
रेडिओचं सांगते. कोडचं छोटं कार्ड मॅन्युअलच्या पिशवीत होतं, आधी तिथे बघा. अंदाजाने आकडे दाबू नका, जास्त चुका झाल्या की सेट काही काळ कुलूपबंद होतो. कार्ड नसेल तर सेटचा सिरीयल नंबर आणि गाडीचे कागद घेऊन शोरूमला जा. काच पूर्ण खाली घ्या, मग वर घ्या आणि बंद झाल्यावरही बटण दोन-तीन सेकंद ओढून धरा. आमची तेवढ्याने झाली. मात्र तोवर मुलांना खिडकीत हात घालू देऊ नका, बोट अडलं की काच थांबण्याची सोय चालेलच असं नाही.

विजयनगर
मी तर बॅटरी बदलताना ओबीडी सॉकेटला दुसऱ्या बॅटरीची वायर जोडतो. काहीच विसरत नाही.

छावणी
काम करतं, पण मग सुटलेली पॉझिटिव्ह वायर जिवंतच असते. ती बॉडीला टेकली की फ्यूज जातो, नशीब वाईट तर आणखी काही. मी ती कापडात गुंडाळल्याशिवाय हे करत नाही.

सुदामानगर
आज सफाई आणि शिकवणी दोन्ही करून आले. दुपारी एसी लावून सिग्नलला 750, अजिबात थरथर नाही. काचही झाली. रेडिओचं कार्ड अजून शोधतेय. पण रात्री दिवे आणि एसी एकत्र लावले की काटा क्षणभर खाली जाऊन वर येतो. हेही शिकून जाईल का?

छावणी
थोडं चालवल्यावर गेलं तर शिकणंच बाकी होतं. नाही गेलं तर दिवे लावून चालू गाडीत बॅटरीचे व्होल्ट मोजा. 13 च्या खाली दिसले तर अल्टरनेटर बघावा लागेल. व्होल्ट ठीक असतील तर थ्रॉटलच्या पुढचा हवेचा पाईप सफाईनंतर नीट बसलाय का, ते बघू. गाडी आणा.

लोकमान्यनगर
ताई, व्होल्ट किती आले ते इथे लिहा. माझीही रात्री तसंच करते.