'90 मि. पाण्याचे उत्कलन झाले' म्हणजे नक्की काय झाले?

पाटीपेन्सिल
भाची नववीत आहे, मराठी माध्यमात. प्रकल्प असा: माठातलं पाणी स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यापेक्षा किती गार होतं? दोन्हींत 2-2 लिटर पाणी घेतलं, दर अर्ध्या तासाने तापमान पाहिलं, आधी आणि नंतर माठ काट्यावर ठेवला. प्रयोग झकास झालाय. अहवालातलं वाक्य मात्र हे:

"दर 30 मि.ने तापमान घेण्यात आले. 3 तासांत माठातील उष्णता 5 से.ने कमी केली गेली व 90 मि. पाण्याचे उत्कलन झाले."

मला वाटलं, पाणी दीड तास उकळलं. ती म्हणते, 90 मिलिलिटर उडून गेलं! तर मिलिलिटरचं थोडक्यात रूप काय लिहायचं? आणि लिटर की लीटर?

निवृत्तमास्तर
लीटर. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ. गरीब, जमीन, तसेच लीटर. आणि ते 'घेण्यात आले' आधी काढा. कर्मणी प्रयोग टाकून सरळ कर्तरी लिहायला सांगा: 'मी तापमान मोजले.'

तिरकीरेघ
मास्तर, उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरं. लीटरमध्ये ते 'ट' आहे. तुमचा नियम तिथे लागतच नाही. मी म्हणताना लिटर आखूड म्हणते आणि मीटर लांब, तसंच लिहिते.

निवृत्तमास्तर
म्हणण्यावरच जायचं तर 'पानी'ही लिहा.

सरळवळण
शाळेच्या विज्ञानाची भाषांतरं तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं लांबण लावते.

मास्तर, 'मी तापमान मोजले' हाही कर्मणीच आहे. 'मी नोंदी केल्या' म्हणून पाहा, क्रियापद नोंदींमागे जातं, 'मी'मागे नाही. त्यामुळे मराठीत नुसतं 'दर अर्ध्या तासाने तापमान मोजले' पुरतं. कोणी मोजलं ते सांगावं लागत नाही आणि 'मोजण्यात आले' हा सरकारी परिपत्रकाचा थाटही नको.

पण 'उष्णता कमी केली गेली' ही नुसती शैलीची चूक नाही. कोणी केली? बर्फ टाकला का? इथे तर माठाबाहेर झिरपलेलं पाणी हवेत जाताना उष्णता घेऊन गेलं आणि तापमान आपोआप उतरलं. 'उतरवले' आणि 'उतरले' यांतच अख्खा निष्कर्ष आहे.

तसंच उत्कलन. ते व्हायला पाणी उकळावं लागतं. माठात होतं ते बाष्पीभवन, कोणत्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून. तिने पहिल्या पानावर काय लिहिलंय?

पाटीपेन्सिल
पहिल्या पानावर बाष्पीभवन, तक्त्यात उत्कलन, निष्कर्षात 'वाफ'. एकच शब्द सारखा नको म्हणून बदलला म्हणे. निबंधात तसं शिकवतात ना! आणि 'उष्णता' आजोबांकडून आली. ते 'उष्णतामान' म्हणतात, तिने शेपूट तोडलं.

निवृत्तमास्तर
उष्णतामान चांगला शब्द होता. आम्ही तोच शिकवला.

सरळवळण
होता खरा, पण शेपूट तुटलं की भलताच अर्थ होतो, तेच झालं. पुस्तकात तापमान आहे, अहवालभर तेच ठेवा.

आता 'मि.'. तक्त्याच्या डोक्यावर mL, °C, g लिहावं. ही चिन्हं आहेत, संक्षेप नव्हेत, म्हणून त्यांना टिंब नाही आणि ती कुठल्याही भाषेत तीच राहतात. वाक्यात पूर्ण शब्द लिहावा. 'से.' म्हणजे सेकंद की सेल्सिअस, हा प्रश्नच उरत नाही. आणि तिने माठ काट्यावर ठेवला ना? मग मोजले ते ग्रॅम. मिलिलिटर तिने मनात करून घेतले.

बडोदेकर
आमच्याकडे '200 ग्राम' सर्रास. एकदा पुण्याच्या मावशीला पत्रात '50 ग्राम वेलदोडे पाठव' लिहिलं, तिने उलट विचारलं, पन्नास गावांना पुरतील एवढे कशाला?

गारवा_हवा
माझा माठ गेल्या वर्षीचा. पाणी गारच होत नाही. शब्दात काही दोष आहे का?

तिरकीरेघ
शब्दात नाही, माठात. बोअरचं पाणी भरता का? क्षार बसून छिद्रं बुजतात. बाहेरून हात लावून पाहा, ओल लागत नसेल तर तेच.

पाटीपेन्सिल
तिने नव्याने लिहिलं: "दर 30 मिनिटांनी तापमान मोजले. 3 तासांत माठातील पाण्याचे तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरले व 90 ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन झाले." लिटरचा प्रश्न या वाक्यातून तरी पळाला. साहित्याच्या यादीत अजून आहे, '2 ली.'.

निवृत्तमास्तर
बघा, तिथे दीर्घच लिहिलंय.

गारवा_हवा
ओल लागत नाही. घासणीने घासू का?