"बदल क्रमाने लावले जातात" – कोणाचा क्रम? 'नोंदनिहाय क्रम' बरोबर वाटतो का?

कोरीपाटी:
एक शब्द हवाय. आमच्या सिंक प्रोग्रामची माहितीपुस्तिका मराठीत लिहितेय. चार वर्कर एकाच वेळी चालतात, एका डेटाबेसमधले बदल उचलून दुसऱ्यात लावतात. मी लिहिलं होतं "बदल क्रमाने लावले जातात". टेस्टिंगवाल्याने ते वाचून बग टाकला, की नोंद 4423 चा 10:02 चा बदल नोंद 4420 च्या 10:01 च्या बदलाआधी लागलेला दिसतोय, म्हणजे क्रम पाळला जात नाही. आता हा बग नाहीये, तसंच व्हायचंय, कारण क्रम फक्त एकाच नोंदीच्या बदलांमध्ये पाळायचाय, दोन वेगळ्या नोंदी एकमेकींची वाट बघणार नाहीत, नाहीतर चार वर्कर ठेवून उपयोग काय. पण माझं वाक्य वाचून त्याला चूक म्हणता येत नाही. "प्रत्येक नोंदीच्या आपापल्या बदलांचा क्रम" दर वेळी लिहायला फार लांब होतं. 'नोंदनिहाय क्रम' चालेल? की 'नोंदवार'?

मोरपीस:
'क्रमवारी' म्हणा ना सरळ. तारखेनुसार क्रमवारी, नावानुसार क्रमवारी, सगळ्यांना कळतं.

कोरीपाटी:
नाही हो, यादी कशी दाखवायची हा प्रश्न नाहीये. क्रमवारी म्हटलं की पहिला नंबर कोणाचा, दुसरा कोणाचा असं डोक्यात येतं. इथे एका नोंदीला आधी पत्ता बदलला मग फोन बदलला, तर तिकडेही तसंच लागायला हवं, एवढंच म्हणायचंय.

जुनाखिळा:
'नोंदवार' नको, त्याचा अर्थ बरोब्बर उलटा लागेल. वार लागला की एक झालं की मग पुढचं असा भास होतो, तारीखवार लिहा म्हटलं की आपण एक तारीख संपवून पुढची घेतो. 'नोंदवार बदल लावले' वाचून मला वाटेल की आधी 4420 चे सगळे बदल उरकले, मग 4421 चे. तुम्हाला तर नोंदी एकमेकींत मिसळलेल्या चालतायत.
'नोंदीगणिक'ही नको, दिवसागणिक म्हटलं की काहीतरी वाढत किंवा बदलत गेल्यासारखं वाटतं. 'निहाय' मात्र बसतो. जिल्हानिहाय आकडे म्हणजे प्रत्येक जिल्ह्याचा आकडा वेगळा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तसा नोंदनिहाय क्रम म्हणजे ज्या त्या नोंदीचा ज्याचा त्याचा क्रम.
आणि अजून एक, क्रियापद सांभाळा. 'क्रम लावणे' आणि 'क्रम राखणे' यात फरक आहे. क्रम लावला म्हणजे विस्कटलेलं होतं ते तुम्ही जुळवलंत. क्रम राखला म्हणजे आला तसाच जपला. तुमचा प्रोग्राम यातलं नक्की काय करतो?

खटपट्या:
काही करायची गरजच नाही, प्रत्येक बदलाला वेळ चिकटवा आणि जुना आला तर फेकून द्या. आम्ही तेच करतो, वर्कर कितीही ठेवा.

```
UPDATE customers SET phone = :phone, changed_at = :t
WHERE id = :id AND changed_at < :t;
```

यात क्रम राखायचाही नाही आणि लावायचाही नाही, शेवटचा जिंकतो. शब्दाचा प्रश्नच मिटला.

सुतारपक्षी:
खटपट्या, अर्धं बरोबर आहे पण उरलेल्या अर्ध्यात डेटा जातो. हे चालतं कधी, तर प्रत्येक बदलात ती अख्खी नोंद येत असेल तर. तुमच्या बदलात फक्त बदललेला रकाना येतो असं दिसतंय. आता 4423 चे दोन बदल घ्या, सातवा फोनचा, आठवा पत्त्याचा. दोन वर्करनी एकेक उचलला, सातवा ज्याच्याकडे होता त्याचं कनेक्शन रेंगाळलं, आठवा आधी लागला. मग सातवा आला, तुमच्या WHERE ला तो जुना वाटला, शून्य ओळी बदलल्या, एररही नाही. पत्ता नवा, फोन कायमचा जुना. कोणाला कळणार पण नाही.
वेळेचं तर अजून वेगळंच. दोन मशिनची घड्याळं पुढेमागे असतात, आणि एकाच मिलीसेकंदात दोन बदल झाले तर तुमचा `<` दुसऱ्यालाही नाकारेल. वेळेऐवजी मूळ डेटाबेसच त्या नोंदीला जो चढता आकडा देतो तो घ्या, व्हर्जन म्हणा.
आणि डिलीट. नववा बदल डिलीट आहे समजा. तो आधी लागला, ओळ गेली. मग मागून आठवा आला, तुमच्या कोडला ओळ सापडली नाही म्हणून त्याने नवी घातली. तुलना करायला व्हर्जन कुठे उरलंय? डिलीट केलेली नोंद परत उगवते ती अशी. म्हणून ओळ लगेच पुसायची नाही, 'व्हर्जन 9 ला डिलीट झाली' एवढी खूण काही काळ मागे ठेवायची, आणि तो काळ रांगेत जास्तीत जास्त जेवढा उशीर होऊ शकतो त्याहून मोठा हवा.

खटपट्या:
ओके, आमच्याकडे अख्खी नोंदच येते म्हणून कधी त्रास झाला नसेल. डिलीटचं मात्र आत्ता जाऊन बघतो 😬

सुतारपक्षी:
कोरीपाटी, तुमच्या पुस्तिकेसाठी 'राखणे'च लिहा, कारण तुमच्याकडे बहुतेक असं चाललंय की वाटणारा एकच आहे, तो मूळ क्रमाने बदल वाचतो आणि नोंदीच्या नंबरावरून वर्कर ठरवतो. 4423 ला 4 ने भागलं की बाकी 3, म्हणजे तिचे सगळे बदल कायम 3 नंबरच्या वर्करकडे, आणि तो वर्कर एका वेळी एकच बदल हातात घेतो. मग त्या नोंदीचे बदल मागेपुढे व्हायला जागाच राहत नाही. काफ्कातही हेच आहे, क्रमाची हमी एका पार्टिशनच्या आतच असते, अख्ख्या टॉपिकची नसते, आणि एक की एकाच पार्टिशनला जाते. हे क्रम लावणं नाही, क्रम मोडूच न देणं आहे.
फक्त पुस्तिकेत एक वाक्य वाढवा, वर्करची संख्या चालू सिंकमध्ये बदलू नये. 4 चे 6 केले की 4423 ची बाकी 1 होते. जुने बदल अजून 3 नंबरच्या रांगेत पडलेत आणि नवे 1 नंबरकडे जातात, 1 ची रांग रिकामी असली तर नवे आधी लागणार. आधी वाटप थांबवायचं, सगळ्या रांगा रिकाम्या होऊ द्यायच्या, मग संख्या बदलायची.

दुपारचीचहा:
मला हे असंच भोवलंय, फक्त वर्कर न बदलता. आमचे नंबर म्हणजे "C-4423" असे अक्षरवाले, म्हणून मी पायथनचं `hash()` वापरलं. टेस्टिंगमध्ये मस्त. वाटणारा प्रोग्राम रीस्टार्ट झाला की मात्र दोनचार नोंदी चुकायच्या, दर वेळी वेगळ्या. एकच वर्कर ठेवला की अजिबात नाही. एकूण नोंदींचा आकडा दोन्हीकडे जुळायचा त्यामुळे कोणी मानायलाच तयार नव्हतं, शेवटी नोंदनोंद ताडून दाखवली. कारण निघालं की पायथन अक्षरी मजकुराचा हॅश प्रत्येक प्रोसेसला वेगळा काढतो, मुद्दाम. रीस्टार्टनंतर तीच नोंद दुसऱ्या वर्करकडे, आणि जुने बदल अजून पहिल्याच्या रांगेत. आता असं आहे:

```
worker = zlib.crc32(record_id.encode()) % 4
```

त्यानंतर परत झालं नाही. शब्दाबद्दल माझं काही मत नाही, फक्त आठवलं म्हणून लिहिलं.

जुनाखिळा:
शब्दच दिलात की. 'मागेपुढे होणे' सुतारपक्षींनी वापरलं आणि तुम्ही 'ताडून पाहणे'. पुस्तिकेत 'क्रमभंग' लिहिण्यापेक्षा 'बदल मागेपुढे होणे' चांगलं, वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

मोरपीस:
आत्ता समजलं मला. पण मग एखादा बदल लागलाच नाही, एरर आली, तर? आपण तर तो परत रांगेच्या शेवटी टाकतो ना, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न म्हणून.

सुतारपक्षी:
हा खरा प्रश्न आहे. शेवटी टाकलात की संपलं, त्याच नोंदीचा पुढचा बदल त्याच्या आधी लागला आणि एवढं वाटप करून राखलेला क्रम गेला. जागेवरच पुन्हा प्रयत्न करायला हवा. पण सातवा बदल काही केल्या लागतच नसेल, समजा फोनच्या रकान्यात मावत नाही, तर 3 नंबरचा वर्कर तिथेच बसून राहील आणि 4423 शी काही देणंघेणं नसलेल्या त्याच्याकडच्या बाकी सगळ्या नोंदी ताटकळतील. म्हणून ठरावीक प्रयत्न झाले की फक्त 4423 बाजूला काढायची. आणि इथे सगळे चुकतात, फक्त सातवा बदल बाजूला काढतात. आठवा नववाही त्याच्या मागेच जायला हवेत, म्हणजे ही नोंद अडलीय हे वर्करला लक्षात ठेवावं लागतं, दुरुस्ती झाली की तिचे साठलेले बदल आधी, मग नवे.

कोरीपाटी:
बरं झालं हे निघालं, आमच्याकडे स्क्रीनवर या दोन्हींना "पेंडिंग" म्हणतात आणि त्यामुळे सपोर्टवाले सातवा सोडून आठवाच उघडून बघत बसतात की यात चूक काय आहे. त्यात काहीच चूक नसते. दोन वेगळे शब्द हवेत म्हणजे.

जुनाखिळा:
अडलेला आणि खोळंबलेला. जो स्वतः पुढे जाऊ शकत नाही तो अडलेला, आणि पुढचा अडलाय म्हणून ज्यांना थांबावं लागतंय ते खोळंबलेले. "1 बदल अडला, 2 खोळंबले". मराठीत हा फरक आयता आहे.

खटपट्या:
खोळंबलेले भारी. अडलेला मात्र वाचून युजरला प्रोग्राम हँग झाला असं वाटेल, फोन करतील. 'नाकारलेला' लिहा.

जुनाखिळा:
नाकारलेला म्हणजे निकाल लागला, परत येणार नाही असं होतं. हा तर दुरुस्त करून लावायचाय.

कोरीपाटी:
नोंदनिहाय क्रम राखणे, मागेपुढे होणे आणि खोळंबलेले, हे तीन घेतले. वाक्य असं केलंय: "प्रत्येक नोंदीचे बदल मूळ क्रमानेच लागतात, वेगवेगळ्या नोंदींमध्ये क्रम राखला जात नाही." पुढे सगळीकडे नोंदनिहाय क्रम. अडलेल्याचं सोमवारी सपोर्टवाल्यांना दोन्ही दाखवून बघते, त्यांना ज्याच्यावर आधी क्लिक करावंसं वाटेल तो.

दुपारचीचहा:
त्यांना डिलीटची खूण पण दाखवा, आमच्याकडे ती स्क्रीनवर दिसायची आणि लोक विचारायचे, डिलीट केलेली नोंद अजून का दिसतेय.